न झालेलं ऑपरेशन

आईच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर ती अंगठा ठेवते, मशीन तांबडा दिवा दाखवतं, दुकानदार म्हणतो, "काकी, पुसून ठेवा." पुसून काय होणार? वीस-बावीस वर्षं काजू फोडून ठसे गेलेत. काजूच्या टरफलातलं तेल चामडी खातं. बायका हाताला राख लावत, खोबरेल लावत, तरी बोटं काळी व्हायची आणि सालपटं निघायची.

देवरूखच्या अलीकडे आमचं गाव. बाबा मुंबईत एका कॅन्टीनमध्ये कामाला होते, पैसे पाठवत, पण कधी येतील याचा भरवसा नसे. भात पुरायचं ते दिवाळीपर्यंत. पुढचं सगळं आईच्या काजूवर. मजुरी गराच्या वजनावर, त्यामुळे ज्या दिवशी दुखणं, त्या दिवशी डबा हलका आणि मजुरीही हलकी. आईला दर महिन्याला तीन-चार दिवस असे जायचे की ती काजू फोडायच्या कटरवर वाकूही शकत नसे. डॉक्टरने पिशवीचं ऑपरेशन सांगितलं होतं. ते सात वर्षं पुढे ढकललं. तोपर्यंत काय केलं? शेजारच्या कटरवर बसणारी मावशी, म्हणजे नात्याची नव्हे, शेजारच्या वाडीतली, मुकादमाची पाठ वळली की आपल्या डब्यातला ओंजळभर गर आईच्या डब्यात टाकायची. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसत असे, म्हणून मला ठाऊक. मुकादम एकदा म्हणाला, "आज दुखत व्हतं ना हिचं? मग वजन कसं भरलं?" मावशी म्हणाली, "दुखलं म्हणून रागानं फोडलान तिनं."

त्या गरावर मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात आणि वाडीतही पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणार. परीक्षा देऊन रत्नागिरीत एका विमा कंपनीच्या शाखेत लागले, मोटार आणि आरोग्य विभागात. गेली काही वर्षं क्लेमचं टेबल माझ्याकडे आहे.

तीन वर्षांपूर्वी त्याच काजू कारखान्यातल्या बायकांची सहकारी संस्था झाली. मावशी थकली होती, तिच्या जागी तिची मुलगी बसत होती. संस्थेच्या बायकांसाठी गट आरोग्य विमा घ्यावा हे मीच त्यांच्या डोक्यात भरवलं. शाखेत कोणी मला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, आईसारखं सात वर्षं कोणी थांबू नये. दोन लाखांचं कुटुंबाचं संरक्षण, नवरा, मुलं आणि आई-वडीलसुद्धा. जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरलेली. एक जुलैला पॉलिसी सुरू झाली. साहेबांनी माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला. मी तो नेऊन कारखान्यात वाटला.

बायकांना मी एक गोष्ट घोकून शिकवली होती. "डॉक्टर ॲडमिट व्हा म्हणाला की आधी मला फोन. नंतर नाही, आधी." कारण उशिरा कळवलं म्हणून क्लेम अडलेले मी पाहिले होते. बायका इतक्या शिस्तीच्या निघाल्या की डॉक्टर नुसता "बघू, लागलं तर ऑपरेशन करू" म्हणाला तरी फोन यायचा. मी सूचना नोंदवायचे. सिस्टीम त्याला नंबर द्यायची, आणि अंदाजे खर्च किती तो आकडा मी भरायचे. पैसे अजून गेलेले नसतात, पण जातील म्हणून कंपनी ते बाजूला धरते. आमच्या भाषेत तो क्लेम "आउटस्टँडिंग". पैसे दिले की तो बंद करायचा. पेशंट दाखलच झाला नाही, तरी बंद करायचा.

हे दुसरं काम आमच्या शाखेत कोणी करत नसे. कारण एकदा बंद केलेला क्लेम पुन्हा उघडायचा तर पुण्याच्या मोठ्या ऑफिसची परवानगी लागते, कारण लिहा, खुलासा द्या. आणि इथली माणसं कधी परत येतील सांगता येत नाही. रत्नागिरीत दाखल होतात, दोन दिवसांनी डॉक्टर कोल्हापूरला पाठवतो, तिथे नवा नंबर, नवा आकडा. जुना नंबर तसाच. म्हणून सगळे उघडे ठेवायचे. माझा एकही क्लेम पुन्हा उघडावा लागला नाही, याचा मला अभिमानही होता.

पहिल्या वर्षात क्लेम खूप आले. यायचेच होते. ज्यांच्या घरात आजारी म्हातारं होतं त्यांनी त्यांचं नाव आवर्जून घातलं होतं, आणि मीच घाला म्हटलं होतं. मार्च महिन्यात मावशीच्या मुलीचा फोन आला. "ताय, आयच्या पोटात कळा येतायत. पित्ताशयात खडे हायत. एप्रिलात तारीख दिलेय." मी सूचना नोंदवली. अंदाज भरला, सत्तर हजार.

एप्रिलमध्ये साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या काजूवाल्या बायकांचा रेशो बघितलात? मे महिन्यात रिन्यूअलला आकडे पाठवायचेत. जपून."

हा रेशो म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कंपनीने जेवढे महिने संरक्षण दिलं तेवढ्या महिन्यांचा हप्ता कमावलेला धरायचा. वर्षाचे पैसे आधी मिळाले तरी दहा महिने झाले असतील तर दहाच महिन्यांचे. त्या काळात दिलेले क्लेम अधिक द्यायचे राहिलेले क्लेम, यांची बेरीज करायची. कमावलेल्या दर शंभर रुपयांमागे ही बेरीज किती, तो रेशो. शंभराच्या वर गेला की कंपनी त्या गटावर खिशातून घालतेय. शंभराच्या थोडा खाली असला तरी पगार, ऑफिस, बिलं तपासणारी एजन्सी यांचा खर्च असतोच, म्हणजे तोटाच. पुण्यातला माणूस, ज्याने रत्नागिरी पाहिलेली नाही, तो हा एक आकडा बघतो आणि पुढच्या वर्षी गटाचं काय करायचं ते ठरवतो.

मी घाबरले. आणि मी एक गोष्ट केली जिची मला आजही लाज वाटते. कारखान्यात गेले आणि म्हटलं, "ज्यांची ऑपरेशनं तातडीची नाहीत त्यांनी रिन्यूअल होईपर्यंत थांबा. आता क्लेम वाढले तर पुढच्या वर्षी हप्ता वाढेल."

मावशीच्या मुलीने विचारलं, "आयची तारीख पुढल्या आठवड्यात हाय. करूया काय?"

"आता दुखतंय का?"

"आता नाय. गोळ्यांनी थांबलंय."

"मग थांबा. जुलैत करा."

मावशी घरी बसलेली असली तरी मुलीबरोबर कारखान्यात यायची, सालं काढायला. ती कोपऱ्यातून म्हणाली, "बाय सांगतेय तर थांबूया. तिला जास्त कळतं."

मी आकडे काढले. एकशे बेचाळीस. दोनदा बघितलं, सही केली, पाठवलं. आउटस्टँडिंगची यादी उघडून एकेक नाव बघावं असं माझ्या मनात आलंच नाही. यादी मीच भरलेली होती, आणि माझ्या हातून चूक होते असं मला तेव्हा वाटत नसे.

पुण्याचं पत्र नेहमीप्रमाणे शेवटच्या आठवड्यात आलं. जूनची अठ्ठावीस तारीख. दोन पर्याय. आई-वडील ठेवायचे तर हप्ता साठ टक्के जास्त. आई-वडील काढायचे तर पंधरा टक्के जास्त, आणि वर प्रत्येक बिलातले दहा टक्के स्वतःच्या खिशातून. तीस तारखेपर्यंत कळवा.

कारखान्यात कटर बंद करून सभा झाली. पत्र मीच वाचलं. एक तोंडाळ बाई होती, तिने विचारलं, "म्हणजे आमी आजारी पडलो हाच आमचा गुन्हा?"

"गुन्हा नाही हो. कंपनीकडे शंभर आले आणि एकशे बेचाळीस गेले. कोण चालवणार?"

"मग धडधाकट माणसांचाच विमा काढा ना. आजाऱ्यांचं काय करायचं ते समुद्राक विचारतो."

बायका हसल्या. मीही हसले. मला तेव्हा आपण शहाणे आहोत असं वाटत होतं. मी त्यांना समजावलं की गटात क्लेमचा मोठा वाटा म्हाताऱ्यांचा आहे, ते बाहेर गेले तर बाकीच्यांचा विमा टिकेल. नाही तर साठ टक्के कोणाला झेपणार नाही, निम्म्या बायका बाहेर पडतील, त्याही धडधाकटच पडतील, मग राहिलेल्यांचा रेशो आणखी वाईट. हे सगळं खरं होतं. ज्या आकड्यावरून मी ते सांगत होते, तो तेवढा खरा नव्हता.

हात वर करायला सांगितले. एकेक हात वर गेला. आई-वडील काढा. मावशीच्या मुलीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मावशी साल काढतच होती, मान वर न करता म्हणाली, "कर गो हात वर. तुझी पोरं लहान हायत." तिने हात वर केला.

एक जुलै गेली. मावशीचं नाव विम्याच्या यादीतून गेलं.

ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात मुलगी शाखेत आली. पिशवीतून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. मार्चमध्ये मी फोनवर सांगितलेला क्लेम नंबर तिने पोराच्या वहीच्या पानावर लिहून ठेवला होता. "ताय, ह्यो नंबर चालंल ना? आपण तवाच कळवलं व्हतं. आयचं परत दुखायला लागलंय."

"नाही गं. दाखल होणं त्या पॉलिसीच्या मुदतीत हवं. नुसतं कळवून चालत नाही."

तरी बघू म्हणून मी नंबर टाकला. पडद्यावर मावशीचं नाव आलं. स्थिती, आउटस्टँडिंग. रक्कम, सत्तर हजार.

मी त्याकडे बघत बसले. मुलगी म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मी बघते." ती गेली. मग मी पूर्ण यादी उघडली, जी मे महिन्यात उघडायला हवी होती. एक बाई जिला डॉक्टरने "बघू" म्हटलं होतं आणि जिचं नंतर काहीच झालं नाही. एकीच्या वडिलांचे दोन आकडे, एक इथला, एक कोल्हापूरचा, कोल्हापूरचे पैसे कधीच दिलेले, इथला उघडाच. आणखी एकीच्या हॉस्पिटलने ऐंशी हजार मागितले, मंजूर बावन्न झाले, वरचे अठ्ठावीस तसेच लटकलेले. एकेक खोडत गेले. संध्याकाळी बेरीज केली. एकशे बेचाळीस नव्हे, सत्त्याण्णव.

सत्त्याण्णव हाही चांगला आकडा नव्हे, हे मला नाकारायचं नाही. हप्ता वाढलाच असता. म्हाताऱ्यांना थोडा वाटा उचलायला लावलाच असता. पण कोणी त्यांना काढून टाकलं नसतं. सत्त्याण्णववर काढत नाहीत, मी अशी कितीतरी पत्रं पाहिली आहेत. आणि मावशीला मी थांबायला सांगितलं होतं ते रेशो वाढू नये म्हणून. ती थांबली. तरी तिचं ऑपरेशन माझ्या यादीत होऊन गेलं होतं. त्याचा खर्च धरला गेला होता, आणि त्या खर्चापायी ती बाहेर गेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला.

"कोणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग सांगू नका. हे बघा मॅडम, आता सगळे शून्य करून बंद करा. पुढच्या रिन्यूअलला रेशो आपोआप खाली येईल. तुम्हीच चांगलं पत्र आणाल, बायका पेढे वाटतील. आत्ता वर कळवलंत तर सही कोणाची, ते पहिलं विचारतील."

"पण यंदाचं वर्ष?"

"यंदाचं वर्ष गेलं."

मी क्लेम बंद केले. वर कळवलं नाही. उद्या लिहू, परवा लिहू असं करत तीन आठवडे गेले. मला मेमोची भीती होती. आणि खरं सांगायचं तर, मेमोपेक्षा जास्त भीती कारखान्याच्या शेडमध्ये उभं राहून सांगायची होती की चूक माझी. ज्या जागी माझ्याबद्दल "तिला जास्त कळतं" म्हटलं गेलं होतं, तिथे.

गणपतीच्या दिवसांत मावशीला ताप भरला. पित्ताशयात पू झाला होता. देवरूखहून रत्नागिरीला आणेपर्यंत ती ग्लानीत होती. साधं दुर्बिणीचं ऑपरेशन व्हायचं ते पोट उघडून करावं लागलं. अकरा दिवस हॉस्पिटल, त्यातले चार अतिदक्षतेत. घराची कौलं बदलायला म्हणून मुलीने दोन वर्षं साठवलेलं सगळं गेलं, आणि नवऱ्याने मालकाकडून उचल घेतली ती वेगळी. मी हॉस्पिटलमध्ये रोज जात होते. डबा नेत होते. मुलगी म्हणायची, "ताय, तुमी कितीदा येता." तिला काही माहीत नव्हतं.

घरी मी आईला सांगितलं. आईला रेशो वगैरे कळत नाही, पण मी सगळं सांगितलं, सूचना, आकडा, यादी, सही. ती ऐकत होती. काळी बोटं एकमेकांत अडकवलेली. मग म्हणाली, "तुझ्या कागदावर तिचं ऑपरेशन झालेलं, मग तिचं पोट का दुखत व्हतं?"

आईच पुढे म्हणाली,

"तिनं माझ्या डब्यात गर टाकलान तो मुकादमाला दिसला नाय. तुझ्या यादीत तू काय टाकलंस ते कोणाला दिसलं नाय. मला दिसलं आता. जा, सांग जाऊन."

तिने मला कधी मारलं नाही. त्या दिवशी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी पुण्याला पत्र लिहिलं. कोणावर न ढकलता लिहिलं, की आउटस्टँडिंगची यादी मी तपासली नाही, सही माझी, खरा आकडा हा, सोबत एकेका क्लेमचा तपशील. साहेबांना प्रत दिली. ते म्हणाले, "तुम्ही ऐकणार नाही हे मला ठाऊक होतं," आणि पुढे पाठवलं. आठ दिवसांत मेमो आला. खुलासा दिला. एक वेतनवाढ थांबली. हे मी दुःख म्हणून सांगत नाही. तेवढ्यावर सुटले याचीच लाज वाटते.

पण पॉलिसी मधे बदलायला पुण्याने नकार दिला. मुदत चालू असताना आई-वडील परत घेता येत नाहीत, पुढच्या रिन्यूअलला सुधारलेला आकडा विचारात घेऊ, एवढंच उत्तर.

मग शेडमध्ये गेले. कटर बंद करू नका म्हटलं, पण तोंडाळ बाईने केले. मी उभ्यानेच सांगितलं. कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. ती बाई म्हणाली, "म्हणजे आमी हात वर केले ते खोट्यासाठी?"

"हो."

"आणि तुमी एवढं दिवस गप्प?"

"हो."

मावशीची मुलगी उठली आणि बाहेर गेली. पुढे तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मावशी मात्र दिवाळीला घरी आली, आईकडे. पोटावर हात ठेवून हळू बसली. मी पाया पडले, तर म्हणाली, "ऊठ गो. तुझी चूक हाय, ती काय पाया पडून जायची नाय." मग आईकडे वळून, "काय, तुझ्या बी.कॉम.ला चहा करता येतो की नाय?" मी चहा केला.

त्यानंतर दर महिन्याच्या शेवटी मी यादी घेऊन बसते. फोन करते. "ॲडमिट झालात का? नाही? मग बंद करते हं, परत दुखलं तर परत उघडीन." पुण्याला लिहावं लागलं तर लिहिते. आतापर्यंत सहा वेळा लिहिलं. बायकांनीही आपली पद्धत लावली. सभेत आता त्या विचारतात, "आमचा रेशो किती?" आणि मी सांगते, दिलेले वेगळे, राहिलेले वेगळे. तोंडाळ बाई राहिलेल्यांची नावं मोठ्याने वाचायला लावते. आपल्या नावाचं काही उगाच उघडं राहिलं असेल तर तिथल्या तिथे कळतं.

पुढच्या मे महिन्यात आकडे पाठवताना मी दोन्ही वर्षं पाठवली, पहिलं सुधारून. साठ पानं झाली. जूनमध्ये पत्र यायच्या आधी मीच पुण्याला गेले, स्वतःची रजा टाकून. तिथल्या माणसाने विचारलं, "एवढ्या छोट्या गटासाठी?" मी म्हटलं, "हो."

एक जुलैपासून त्या गटात आई-वडील परत आले आहेत. हप्ता आधीच्या वर्षापेक्षा अठरा टक्के जास्त आहे. आई-वडिलांच्या बिलातले वीस टक्के घरच्यांनी भरायचे, आणि मोतीबिंदूला ठरावीक मर्यादा आहे. संस्थेतली एकही बाई बाहेर पडली नाही. मावशीचं नाव यादीत आहे.